डब्याच्या आठवड्याच्या मेनूखाली काय लिहायचं? तेच तेच शब्द येतात

डबा_परळ

आमचा परळला घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. पन्नासेक डबे जातात. बरेचसे लोअर परळच्या ऑफिसांत, काही दादर-माहीमला एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे. स्वयंपाक सासूबाई आणि एक मावशी करतात, हिशेब आणि मेसेज माझ्याकडे. दर शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा मेनू व्हॉट्सअॅपवर टाकते आणि प्रत्येक वाराखाली एक ओळ लिहिते. त्या ओळी आता इतक्या सारख्या व्हायला लागल्यात की मागच्या शनिवारी दोघा गिऱ्हाइकांनी विचारलं, "हा गेल्या आठवड्याचाच मेसेज परत आलाय का?" मेनू नवीन होता, पण त्यांनी वाचलाच नाही.

येत्या आठवड्याचा कच्चा मेनू देते. श्रावण असल्यामुळे महिनाभर कांदा-लसूण नाही.

सोमवार: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. उपवास स्पेशल, गरमागरम आणि चविष्ट!
मंगळवार: लाल भोपळा, पोळी, वरण-भात. घरगुती चवीची मस्त भाजी!
बुधवार: वालाचं बिरडं, पोळी, भात. अस्सल पारंपरिक चव, नक्की ट्राय करा!
गुरुवार: भेंडी, पोळी, कढी-भात. सर्वांची आवडती चमचमीत भेंडी!
शुक्रवार: पालेभाजी, ज्वारीची भाकरी, आमटी-भात. पौष्टिक आणि चविष्ट!
शनिवार: मटकीची उसळ, पोळी. झणझणीत, तोंडाला पाणी सुटेल!

दर आठवड्याला वेगळं काय लिहू?

कोथिंबीरवडी

ताई, शब्दांची यादी करून फ्रिजवर लावा. चविष्टला रुचकर, खमंग, लज्जतदार, स्वादिष्ट, खुसखुशीत, चटकदार असे कितीतरी पर्याय आहेत. आठवड्याला सहा वापरायचे, पुढच्या आठवड्यात दुसरे सहा. आणि यमक जुळवा, लोकांना आवडतं. "आज आहे भेंडी, डब्याची वाट पाहे मंडळी" असं काहीतरी. माझ्या बहिणीचा केकचा व्यवसाय आहे, ती असंच करते आणि तिला ऑर्डरी भरपूर येतात.

ठाणेकर_मेस

मूळ अडचण मेनूची आहे. भोपळा, भेंडी, मटकी दर आठवड्याला आली तर कंटाळा येणारच. आम्ही चार आठवड्यांचं चक्र लावलंय. एक भाजी महिन्यातून दोनदाच येते, उसळी वेगळ्या, कोशिंबिरी वेगळ्या. तक्ता हवा असेल तर पाठवतो.

डबा_परळ

@ठाणेकर_मेस, चक्र आमच्याकडेही आहे, तीन आठवड्यांचं. भाज्या बदलतात. खालची ओळ बदलत नाही, ती अडचण आहे. तक्ता मात्र पाठवा, बघते.

@कोथिंबीरवडी, यादी करून पाहिली. "खमंग भोपळा" आणि "लज्जतदार भोपळा" यांत वाचणाऱ्याला फरक काय कळणार?

फळा_आणि_खडू

गिरगावात एका खानावळीच्या दारावरचा फळा मी बरीच वर्षं रोज लिहिला. आता एका केटररकडे मेनूकार्डं लिहून देतो. हाच प्रश्न रोज सकाळी पुढे असायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या सहाही ओळी चवीची तारीफ करतात. तारीफ करायचे शब्द मराठीत पंधरा-वीस असतील, ते दोन आठवड्यांत संपतात. यादी वाढवली तर आणखी एक आठवडा निभेल, एवढंच. शिवाय तारीफ डबेवाल्याने स्वतःच केलेली असते, त्यामुळे गिऱ्हाईक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातं.

एक करून बघा. सोमवारची ओळ गुरुवारच्या भेंडीखाली ठेवा आणि शनिवारची मंगळवारच्या भोपळ्याखाली. "घरगुती चवीची मस्त" कुठेही चालते, "पौष्टिक आणि चविष्ट" कुठेही चालते. जी ओळ दुसऱ्या पदार्थाखाली चालून जाते ती आपल्या पदार्थाबद्दल काहीच सांगत नाही. ती काढून टाका. तुमच्या यादीत फक्त "उपवास" हा शब्द हलवता येत नाही, कारण तो खरंच सोमवारचा आहे.

मग लिहायचं काय? पदार्थाच्या नावावरून गिऱ्हाइकाला जे कळत नाही, पण स्वयंपाकघरातल्या माणसाला ठाऊक असतं, त्यातलं एक. फक्त एकच. शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंजवळ वही घेऊन बसा आणि प्रत्येक भाजीचं विचारा: फोडणी कशाची, आंबट कशाने, चिरायची कशी, आदल्या दिवशी काय करून ठेवावं लागतं. त्या जे बोलतील तेच जवळजवळ तसंच लिहा.

बिरड्याचं उदाहरण घ्या. "अस्सल पारंपरिक चव" वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. बुधवारच्या डब्यासाठी कडवे वाल सोमवारी भिजत पडतात, मंगळवारी फडक्यात बांधले की मोड येतात, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो. डब्यातल्या सगळ्यात कष्टाच्या भाजीबद्दल तुम्ही गिऱ्हाइकाला काहीच सांगितलेलं नाही. मी असं लिहीन:

"बुधवार: वालाचं बिरडं. सोमवारी भिजवले, मंगळवारी मोड आले, बुधवारी पहाटे सोलले. ओलं खोबरं आणि आमसूल."

यात चवीचा एकही शब्द नाही. आणि ही ओळ भोपळ्याखाली ठेवून बघा, बसणार नाही.

भेंडीचं मला तुमच्या घरचं माहीत नाही, पण डब्यातल्या भेंडीबद्दल लोकांची एक शंका ठरलेली असते, ती बुळबुळीत होईल का. तुम्ही आमसूल किंवा चिंच घालत असाल तर तेच लिहा: "भेंडी पुसून, कोरडी करून चिरलेली, आमसूल घालून परतलेली. तार सुटत नाही." लोकांच्या मनातल्या शंकेचं उत्तर देणारी ओळ नेहमी वाचली जाते.

भोपळ्याला मेथीदाण्याची फोडणी असेल तर तेवढंच पुरे. मटकीचं "झणझणीत" मात्र जपून वापरा. दादर-माहीमच्या आजी-आजोबांसाठी तो शब्द इशारा आहे. ते शनिवारी डबा बंद ठेवतील आणि उसळ मध्यम तिखट निघाली तर ऑफिसवाले विचारतील झणझणीत कुठाय.

आणि "गरमागरम" कायमचा काढा. तुमचा डबा साडेदहाला निघत असेल आणि एकला उघडत असेल. खानावळीच्या फळ्यावर तो शब्द चालतो कारण ताट समोर येतं. डब्याला चालत नाही.

८:४२ची_लोकल

मी डबा लावणारा आहे, देणारा नाही, त्यामुळे वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आमच्या डब्याचा मेसेज "नमस्कार मंडळी! 🙏 आपल्या सेवेत पुन्हा एकदा घेऊन आलो आहोत..." असा सुरू होतो. लोकलमध्ये फोनच्या पडद्यावर वर एवढंच दिसतं आणि मी तो बाजूला सारतो. दर आठवड्याला पहिले शब्द तेच असल्यामुळे मला तो नेहमी जुनाच वाटतो. तुमच्या गिऱ्हाइकांनीही बहुतेक तेवढंच पाहिलं असेल. पहिल्या ओळीत त्या आठवड्यातली वेगळी गोष्ट आली तर मी उघडीन. "बुधवारी बिरडं आहे" एवढं दिसलं तरी उघडीन.

डबा_परळ

आमचा मेसेज "शुभ संध्याकाळ, पुढील आठवड्याचा मेनू खालीलप्रमाणे" असाच सुरू होतो. हे लक्षात आलं नव्हतं, छान सांगितलंत.

@फळा_आणि_खडू, सासूबाईंना विचारलं. भेंडीला आमसूलच घालतात. भोपळ्याच्या फोडी मोठ्या ठेवतात कारण बारीक केल्या तर डबा पोचेपर्यंत लगदा होतो. सालही काढत नाहीत, त्यामुळे फोड धरून राहते. हे मला माहीतच नव्हतं! आणि दाण्याच्या आमटीत कोकम घालतात, नाहीतर गोड-गोड लागते म्हणाल्या.

फळा_आणि_खडू

बघा, आठवडा तयार झाला. "भोपळ्याच्या फोडी मोठ्या, सालासकट. डबा हलला तरी मोडत नाहीत." ही ओळ फक्त डबेवालाच लिहू शकतो, हॉटेलवाला नाही.

पथ्यपाणी

माझी एक विनंती आहे. आई माहीमला असते, तिला दोन वेळा डबा येतो. तिला शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात. मध्यंतरी तिच्या डबेवाल्यांनी असंच काहीतरी नवीन लिहायचं म्हणून एका आठवड्यात "दाण्याचं कूट", दुसऱ्यात "कुटाची भाजी", तिसऱ्यात "खास वाटण" असं लिहिलं. आईला वाटण म्हणजे खोबऱ्याचं वाटलं. नशिबाने मी घरी होते. ओळ सुंदर करा, पण दाणे कुठे आहेत ते दर वेळी त्याच शब्दांत आणि त्याच जागी लिहा.

फळा_आणि_खडू

हे फार महत्त्वाचं बोललात आणि माझ्याकडून लिहायचं राहिलं असतं. मेसेजमध्ये दोन भाग असतात. एक भाग कधीही बदलायचा नाही: दाणे आहेत, तिखट आहे, कांदा-लसूण आहे किंवा नाही, किती पोळ्या, किती वाजेपर्यंत कळवायचं. तो प्रत्येक वाराच्या शेवटी, ठरलेल्या शब्दांत. तिथे तोचतोचपणा हवाच, माणूस तो वाचत नाही, शोधतो. नवेपणा फक्त मधल्या एका ओळीत.

डबा_परळ ताई, सोमवारच्या आमटीखाली "दाणे आहेत" हे आमटीच्या नावात आलं असलं तरी पुन्हा लिहा. आणि भेंडीत किंवा भोपळ्यात कूट पडत असेल तर तिथे जास्त गरजेचं, कारण नावावरून कळत नाही.

कोथिंबीरवडी

पण सगळं इतकं कोरडं केलं तर गंमत काय राहिली? "आमसूल घालून परतलेली" हे रेसिपीसारखं वाटतं. केकच्या पोस्टला जे शेकडो लोक हार्ट देतात ते यमकालाच.

फळा_आणि_खडू

केक वाढदिवसाला घेतात, डबा रोज खातात. रोज यमक आलं की तिसऱ्या दिवशी त्याचा कंटाळा येतो. सणाला एखादं जरूर टाका. नागपंचमीला दिंड करणार असाल तर मी स्वतः दोन ओळी जुळवून देईन. पण तिथेही खरी गोष्ट हाताशी आहेच. त्या दिवशी बऱ्याच घरांत काही चिरत नाहीत, तळत नाहीत, म्हणून पुरणाची दिंडं वाफेवर होतात. "आज विळी नाही, कढई नाही" एवढं म्हटलं की जाणणाऱ्याला घरची नागपंचमी आठवते.

सुकाबोंबील

आम्ही वरळीहून मासळीचा डबा देतो. आमचा प्रश्न उलटा होता. वर्षभर "ताजी मासळी" लिहायचो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, हे गिऱ्हाइकांनाही माहीत असतं. जूनमध्ये "ताजा पापलेट" वाचून एकाने फोन करून विचारलं की बंदीत ताजा आला कुठून. तेव्हापासून पावसाळ्याचे दोन महिने आम्ही तसंच सरळ लिहितो: "बोटी बंद आहेत. आज सुका जवळा, मे महिन्यात आमच्याच गच्चीवर वाळवलेला." आता लोक जवळ्याचीच वाट बघतात. श्रावणात आमचे निम्मे डबे बंद असतात, पण नारळी पौर्णिमेनंतर काय लिहायचं याचा विचार आधीच करून ठेवतो, कारण सगळे तेव्हाच "पहिली मासळी" लिहितात.

डबा_परळ

सुकाबोंबील, ही गच्चीवरची ओळ फारच आवडली.

मी शुक्रवारची ओळ बदलली: "करटोली, पावसाळ्यातलीच रानभाजी, बिया काढून, ओल्या खोबऱ्यात. ज्वारीची भाकरी." पालेभाजीऐवजी करटोली घेतली. बरोबर वाटते का?

फळा_आणि_खडू

ओळ बरोबर आहे, वार अडचणीचा आहे. मेनू तुम्ही शनिवारी पाठवता आणि भाजी शुक्रवारी पहाटे दादरच्या बाजारातून घेणार. करटोली त्या दिवशी मिळेलच असं नाही. पाऊस जोराचा झाला की पालघर-वसईकडून रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायका येत नाहीत, आल्या तरी भाव चढलेला असतो. पन्नास डब्यांना पुरेल एवढी एका जागी मिळणं तर आणखी कठीण. शनिवारी लिहून बसलात आणि शुक्रवारी डब्यात फरसबी गेली तर लोक ओळींवर विश्वास ठेवायचे थांबतील.

मी असं करायचो. आठवड्याच्या यादीत फक्त आपल्या हातातल्या गोष्टी: भिजवणं, फोडणी, चिरणं, बरोबर काय. बाजाराच्या हातातल्या गोष्टी सकाळच्या छोट्या मेसेजात. शुक्रवारी यादीत "बाजारात चांगली दिसेल ती भाजी, ज्वारीची भाकरी" आणि सकाळी साडेसातला "आज करटोली मिळाली, कोवळी आहे".

८:४२ची_लोकल

इथे माझं मत वेगळं आहे. मला "चांगली दिसेल ती" आवडत नाही. मी कारलं खात नाही. शुक्रवारी सकाळी कारलं आहे कळलं तोपर्यंत डबा बंद करायची वेळ टळलेली असते.

ठाणेकर_मेस

हेच मी म्हणत होतो, तक्ता पक्का हवा. आमच्याकडे वाशीच्या मार्केटातून आदल्या रात्री माल येतो, म्हणून आम्ही एक दिवस आधी सांगू शकतो. दादरहून पहाटे घेणाऱ्याला ते जमणार नाही.

फळा_आणि_खडू

मधला मार्ग म्हणजे दोन नावं द्यायची: "करटोली, नाही मिळाली तर फरसबी". दोन्ही चालणारे डबा ठेवतील. मात्र ओळ फक्त करटोलीची लिहू नका, नाहीतर फरसबी मिळाली की माणूस नाराज होतो. रानभाजीचं वर्णन सकाळसाठीच राखून ठेवा. फळ्यावर मला ही अडचण नव्हती, भाजी आल्यावर खडू हातात घ्यायचो. तुमच्यासारखं आठवडाभर आधी लिहिणं अवघड काम आहे.

डबा_परळ

आणखी एक शंका. तीन आठवड्यांनी भेंडी परत येणार. तेव्हा "तार सुटत नाही" परत लिहायचं का?

फळा_आणि_खडू

नाही. वहीत प्रत्येक भाजीला एक पान द्या आणि लिहिलेली ओळ तारीख घालून तिथे चिकटवा. भेंडी परत आली की पान उघडायचं. मागच्या वेळी आंबटाबद्दल सांगितलं, तर या वेळी चिरण्याबद्दल, पुढच्या वेळी कढीबरोबर का दिली त्याबद्दल. एका भाजीत अशा चार-पाच गोष्टी निघतात, तुमच्या तीन आठवड्यांच्या चक्रात तेवढ्यात तीन-साडेतीन महिने जातात. मग पहिली ओळ परत आली तरी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तोपर्यंत ऋतू बदललेला असतो. हिवाळ्यात भेंडीच्या जागी वालपापडी आलेली असेल.

वाक्याची सुरुवातही बघा. सहाही ओळी भाजीच्या नावाने सुरू झाल्या तर शब्द वेगळे असूनही सारख्याच वाटतात. बिरड्याची "सोमवारी" ने सुरू करा, भोपळ्याची "फोडी" ने, भेंडीची भेंडीनेच. आणि एखाद्या दिवशी सांगण्यासारखं काही नसेल तर ओळ नका लिहू. मटकी, पोळी, बास. पाच ओळींमध्ये एक रिकामी जागा असली की बाकीच्या वाचल्या जातात.

जुने शब्द किती झालेत ते बघायचं असेल तर ग्रुपच्या चॅटमध्ये वरच्या शोधपट्टीत "चविष्ट" टाइप करा. "गरमागरम" कधी जोडून, कधी तोडून लिहिलेलं असतं, म्हणून "गरमा" एवढंच टाका, दोन्ही सापडतील.

डबा_परळ

शोधून पाहिलं. बोटाने वर सरकवत राहिले, संपेचना.

हा आजचा मेसेज, जायच्या आधी बघून घ्या:

"बुधवारी बिरडं आहे.
सोमवार: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. आमटीत कोकम, गोडसर नाही. दाणे आहेत.
मंगळवार: लाल भोपळा, पोळी, वरण-भात. फोडी मोठ्या, सालासकट. डबा हलला तरी मोडत नाहीत. दाणे नाहीत.
बुधवार: सोमवारी भिजवलेले, मंगळवारी मोड आलेले, पहाटे सोललेले वाल. बिरडं, पोळी, भात. दाणे नाहीत.
गुरुवार: भेंडी आमसूल घालून, तार सुटत नाही. पोळी, कढी-भात. कूट आहे, दाणे आहेत.
शुक्रवार: करटोली, नाही मिळाली तर फरसबी. ज्वारीची भाकरी, आमटी-भात. दाणे नाहीत.
शनिवार: मटकीची उसळ, पोळी. मध्यम तिखट. दाणे नाहीत.
पूर्ण आठवडा कांदा-लसूण नाही. डबा नको असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा."

पथ्यपाणी

गुरुवारी "कूट आहे" काढा, फक्त "दाणे आहेत" ठेवा. दोन शब्द आले की आईसारखी माणसं दोन वेगळ्या गोष्टी समजतात.

८:४२ची_लोकल

शुक्रवारबद्दल माझं म्हणणं कायम आहे, पण दोन नावं दिलीत हे बरं. माहीमला डबा मिळतो का हे मेसेजमध्ये कुठेच नाही. माझी बहीण विचारतेय.

फळा_आणि_खडू

बुधवारच्या ओळीत पदार्थाचं नाव मागे गेलंय. घाईत वाचणाऱ्याला "वाल" दिसेल, "बिरडं" नाही. "बिरडं, पोळी, भात" आधी घ्या, मग वाल कसे केले ते. आमसुलाचा उल्लेख गुरुवारी आहे, म्हणून बिरड्यात तो गाळलात हे बरोबर केलंत.

डबा_परळ

दोन्ही बदलते. माहीमला जातो, शितळादेवीपर्यंत. बहिणीला व्यक्तिगत निरोपातून संपर्क करायला सांगा. सासूबाई विचारताहेत की नागपंचमीला दिंडं पन्नास डब्यांना वेळेत होतील का, मोदकपात्र एकच आहे. तेवढ्यांची वाफ काढायला कुणी मोठा इडलीचा कुकर वापरलाय का?

सुकाबोंबील

आम्ही पातोळ्या इडलीच्या कुकरातच करतो, साचे काढून आत चाळणी ठेवून. दिंडांना कितपत जमेल सांगता येणार नाही, ती एकमेकांना चिकटतात. खाली हळदीचं पान घालून आधी पाच-सहा करून बघा.